गूळ पावडरीचा नवा प्रकल्प: टोर्नॅडो चार्टात विक्रीभाव सगळ्यांत वर येतोय, तो खरा धरायचा का?

अनघा_करवीर

नमस्कार. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. आता त्याला जोडून गूळ पावडरीचं युनिट टाकायचं घरात ठरतंय. ड्रायर, पल्व्हरायझर, चाळणी आणि पाऊच भरायचं मशीन, शेडसकट ६० लाख. माल अर्ध्या किलोच्या पाऊचमध्ये, पुण्यातल्या एका वितरकामार्फत जाणार.

गणित असं मांडलंय. वर्षाला १५० टन विक्री. वितरकाकडून आमच्या हातात किलोला ८० रुपये, जीएसटी सोडून. गूळ किलोला ४५, पण वाळवणात आणि चाळणीत जाणारी घट धरली की तयार मालामागे ४८. पाऊच, खोका आणि भाडं मिळून १० रुपये. पगार, देखभाल वगैरे ठरलेला खर्च वर्षाला १० लाख. खेळतं भांडवल १० लाख, ते पाचव्या वर्षाअखेर परत. पाच वर्षं, १४ टक्के दर. इन्कम टॅक्स आणि मशिनरीची शेवटची किंमत सध्या बाजूला ठेवलीय. एनपीव्ही, म्हणजे सगळी आवक-जावक या दरानं आजच्या किमतीत आणून उरणारा फायदा, येतो १४.१५ लाख.

मग टोर्नॅडो चार्टासाठी प्रत्येक आकडा एकेक करून १० टक्के वर-खाली केला. विक्रीभावाची पट्टी सगळ्यांत लांब आली: एका टोकाला उणे २७ लाख, दुसऱ्या टोकाला ५५. त्याखाली गुळाचा भाव, उणे १०.६ ते ३८.९. विक्रीचं टनेज तिसरं, २.८ ते २५.५. मशिनरी, पॅकिंग, ठरलेला खर्च आणि दर हे चारही बारीक पट्ट्यांत संपतात.

दीर म्हणतात, चार्टच सांगतोय की भाव सांभाळा, बाकीचं बघू. मला मात्र रात्री झोप लागत नाही ती १५० टन खपतील का या विचाराने. चार्ट बरोबर असेल तर माझी काळजी चुकीच्या जागी आहे. जाणकारांनी सांगावं.

सुहास_इचलकरंजी

ताई, चार्ट अगदी स्पष्ट आहे. ज्याची पट्टी लांब, तिथं हात घालायचा. भाव ८० चा ८८ करा, एनपीव्ही ५५ लाख. पाऊच जरा भारी छापा, "सेंद्रिय" वगैरे, शहरातला ग्राहक चार रुपये जास्त देतो. टनेजच्या मागे धावण्यापेक्षा हे सोपं.

फौंड्रीवाला_शिरोली

आमच्याकडं हा चार्ट वेगळ्याच तऱ्हेनं फसला होता म्हणून लिहितो. शिरोली एमआयडीसीत आमची कास्टिंगची फौंड्री. एका नव्या पार्टसाठी मशीनिंग लाइन टाकायची होती, गिऱ्हाईक एकच, वाहन कंपनी. चार्टात व्हॉल्यूमची पट्टी दहा टक्के इकडं, दहा टक्के तिकडं, छान आटोपशीर दिसायची. प्रत्यक्षात तिथं दहा टक्के कमी-जास्त असं काही नव्हतंच. पार्ट मंजूर झाला तर पूर्ण व्हॉल्यूम, नाही झाला तर शून्य. अशा गोष्टीची पट्टी काढूच नये, दोन वेगळी गणितं मांडावीत. तुमचा वितरक एकच आहे का? तो सुटला तर काय, हे चार्टात कुठंच नाही.

जुना_बँकवाला

अनघाताई, तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे. मी बरीच वर्षं लघुउद्योगांच्या प्रकल्प अहवालांची तपासणी केली. दहा टक्क्यांचा टोर्नॅडो मला सतत दिसायचा आणि दर वेळी विक्रीभाव पहिलाच असायचा. का, ते तुमच्याच आकड्यांत पाहू.

किलोला ८० रुपये येतात, त्यातले ५८ माल आणि पॅकिंगमध्ये जातात, उरतात २२. भाव १० टक्के पडला म्हणजे ८ रुपये गेले आणि ते सगळेच्या सगळे त्या २२ मधून गेले. टनेज १० टक्के पडलं, तर न विकलेल्या मालाचा गूळही घ्यावा लागला नाही, पाऊचही नाही. त्यामुळे फक्त २२ चे १० टक्के गेले, म्हणजे २ रुपये २० पैसे. ८ भागिले २.२ केलं की ३.६ येतं. तुमची भावाची पट्टी टनेजच्या पट्टीच्या बरोबर ३.६ पट लांब आहे, पडताळून बघा. म्हणजे हा क्रम बाजारानं लावलेला नाही, भागाकारानं लावलाय. ज्या धंद्यात मार्जिन पातळ, तिथं दहा टक्क्यांच्या चार्टात भाव वर येणारच, मग तो गूळ असो की पाइप.

खरा प्रश्न असा: यातला प्रत्येक आकडा किती हलू शकतो? वितरकाशी वर्षाचा दर ठरत असेल तर भाव ७२ ला पडणं कठीण. आणि जो माल अजून बाजारात गेलाच नाही, त्याचं टनेज १३५ ते १६५ मध्येच राहील असं कोणी सांगावं? प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची खालची आणि वरची कड द्या. खालची अशी, की दहातून एखाद्याच वेळी त्याच्याही खाली जाईल. वरची तशीच. आणि त्या ठरवताना १५० पासून सुरुवात करू नका, नाहीतर मन १५० च्याच आसपास घुटमळतं. आधी खालची कड विचारा: "पहिली दोन वर्षं वाईट गेली तर किती?" ज्यांना विचाराल त्यांना एकमेकांसमोर विचारू नका.

सुहासराव, पट्टी लांब आहे याचा अर्थ ती आपल्या हातात आहे असा होत नाही. भाव ८८ केला तर टनेज १५० राहील असं तुम्ही गृहीत धरलंत. एका वेळी एकच आकडा हलवणं ही या चार्टाची मूळ मर्यादा आहे. फौंड्रीवाल्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य. वितरक सुटणं हे पट्टीत बसत नाही, वेगळंच मांडावं.

मीनल_राजारामपुरी

मी तुमचे आकडे घेऊन एक्सेलमध्ये करून पाहिलं. मला १४.१५ येत नाही, १२.४१६ येतंय. पहिल्या वर्षाआधी उणे ७०, मग चार वर्षं २३-२३ आणि शेवटी ३३. बरोबर ना? मग फरक कुठला?

जुना_बँकवाला

मीनल, प्रवाह बरोबर आहेत. उणे ७० पण `NPV` च्या कंसात घेतलेत ना? एक्सेल कंसातला पहिला आकडा वर्षाच्या शेवटी आला असं धरतं आणि त्यालाही एक वर्षाची सूट लावतं. मशिनरीचे पैसे आज जाणार, म्हणून ते बाहेर ठेवायचे.

```
=NPV(0.14,C20:G20)+B20
```

तुमचं उत्तर १.१४ ने गुणा, १४.१५ मिळेल. या फरकानं पट्ट्यांचा क्रम सहसा बदलत नाही, कारण सगळ्याच सारख्या आखूड होतात. मात्र शून्याच्या जवळच्या प्रकल्पात आकडा छोटा दिसून माणूस उगाच घाबरतो.

अनघा_करवीर

सगळ्यांचे आभार. तसं करून पाहिलं. टनेजसाठी तिघांना वेगवेगळं विचारलं: वितरक, सांगलीतले एक ओळखीचे जे काकवी आणि पावडर दोन्ही विकतात, आणि आमचा पुतण्या, जो किराणा दुकानांतून फिरतो. वितरक १२० च्या खाली यायला तयार नव्हता. सांगलीवाले म्हणाले, नवीन नाव असेल तर ९० धरून ठेव. खालची कड ९० घेतली. वरची १८०, कारण ड्रायर एका पाळीत त्याहून जास्त काढत नाही.

भाव ७८ ते ८१. गूळ ४५ ते ५३, घट धरून. ठरलेला खर्च ९ ते १२ लाख. मशिनरीचं कोटेशन हातात आहे, तरी ५८ ते ६६. पॅकिंग-भाडं साडेनऊ ते ११. दर १२ ते १६ टक्के.

आता चार्ट असा (एनपीव्ही लाखांत, वाईट टोक आधी):

टनेज: −३१.२ ते ३६.८
गुळाचा भाव: −११.६ ते २९.६
विक्रीभाव: ३.९ ते १९.३
ठरलेला खर्च: ७.३ ते १७.६
दर: १०.१ ते १८.६
मशिनरी: ८.२ ते १६.२
पॅकिंग-भाडं: ९.० ते १६.७

पहिल्या चार्टात जो तिसरा होता तो पहिला आला, आणि पहिला होता तो तिसरा. शिवाय टनेजची पट्टी डावीकडे ४५ लाख लांब आहे आणि उजवीकडे जेमतेम २३, ड्रायरची मर्यादा आड येते म्हणून. दीरांनी हे बघितलं. त्यांचं म्हणणं, ९० हा आकडा सांगलीच्या एका माणसाचा, त्यावर सगळा चार्ट कसा फिरवायचा? हा प्रश्न मलाही पटतो.

जुना_बँकवाला

पटायलाच हवा. ९० ऐवजी १२० घ्या आणि बघा. वितरकाचाच आकडा, म्हणजे ३० टन कमी, २२.७ लाखांचा फटका, एनपीव्ही उणे ८.५. एकूण लांबी ४५ लाख उरते, गुळाच्या भावाची ४१ आहे. म्हणजे सगळ्यांत आशावादी माणसाची खालची कड घेतली तरी टनेज पहिलंच राहतं, फक्त अंतर कमी होतं. दिरांना हे दाखवा. कड कोणाची हा वाद क्रम बदलत नसेल तर त्यात वेळ घालवू नये.

आणखी एक आकडा हाताशी ठेवा. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तर एनपीव्ही शून्य होतो १३१ टनांवर. १५० पासून फार लांब नाही.

मार्केटयार्ड_सौदे

मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या धंद्यात हाय. आकडेमोड तुमची तुम्ही बघा, मला एकच इचारायचं हाय. खेळतं भांडवल १० लाख कुठनं आणलं?

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की गूळ यायला लागतो, मार्चपातुर जोर असतोय. नंतर गुऱ्हाळं थंड पडत्यात. तुमचं मशीन बारा महिने चालणार, मग पावसाळ्यात गूळ कुठनं घालणार? एकतर मार्चमध्ये भरून कोल्ड स्टोरेजला टाका, न्हाईतर जुलै-ऑगस्टला दुसऱ्यानं ठेवलेला माल तो म्हणंल त्या भावानं घ्या. दोन्हीत पैसा लागतोय. १० लाखात दीड-पावणेदोन महिन्यांचा गूळ येतोय फक्त. आणि पुण्याचा वितरक रोख देणार हाय का?

सुहास_इचलकरंजी

पण ताईंचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे की. घरच्या उसाचा गूळ, त्याला ४८ रुपये का धरलेत? नुसता गाळपाचा खर्च धरला तर गुळाची पट्टीच उडते.

मार्केटयार्ड_सौदे

घरचा असला म्हणून काय झालं? तोच गुळाचा रवा यार्डात आणला तर सौद्यात पैसे मिळत्यात का न्हाई? ते पैसे सोडून तो पावडरीत घालताय. म्हंजे यार्डातला भावच लागला. न्हाईतर पावडरीचा नफा म्हणून दिसंल तो खरा गुऱ्हाळाचाच नफा असायचा.

जुना_बँकवाला

अगदी नेमकं बोललात. आणि भांडवलाचा मुद्दा तर या धाग्यातला सगळ्यांत मोठा आहे. माझ्याही नजरेतून तो निसटला होता, कारण चार्टात ती पट्टीच नव्हती. टोर्नॅडो चार्ट आपण घातलेल्या आकड्यांनाच रांगेत उभं करतो. जो आकडा घातलाच नाही, तो कितीही मोठा असो, दिसत नाही.

मांडून बघतो. महिन्याला साडेबारा टन लागतात. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचा साठा मार्चअखेर हवा, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टन, ४८ च्या हिशेबानं ४२ लाख. हा साठा नोव्हेंबरपासून चढत जातो आणि मार्चनंतर उतरत जातो, म्हणून वर्षभराची सरासरी त्याच्या निम्मी, २१ लाख. वितरकाची उधारी ४५ दिवसांची धरली तर १ कोटी २० लाखांच्या विक्रीवर साधारण १५ लाख. बेरीज ३५-३६. आपण ३५ धरू.

खेळतं भांडवल पाचव्या वर्षी परत येतं म्हणून लोक त्याला खर्च मानत नाहीत. पण १४ टक्क्यांनी पाच वर्षांनंतरचा एक रुपया आज ५२ पैशांचा असतो. अडकलेल्या प्रत्येक लाखामागे ४८ हजार जातात. १० चे ३५ लाख झाले, म्हणजे २५ लाख जास्त अडकले आणि १२ लाख गेले. एनपीव्ही १४.१५ वरून २.१ लाखांवर येतो. शून्याचं टनेज १३१ वरून १४७ वर जातं.

म्हणजे पट्ट्या लांब की आखूड हे बाजूलाच राहिलं, त्या ज्या मधल्या रेषेभोवती उभ्या आहेत ती रेषाच सरकली. २५ ते ४५ लाखांची कड दिली तर या एका आकड्याची पट्टी ६.९ ते उणे २.७ अशी पडते. लांबीनं ती पहिल्या तिघांत बसत नाही, पण तिच्या एका टोकाला प्रकल्प करायचा असं उत्तर आहे आणि दुसऱ्याला नाही असं. आणि ही सरासरी झाली. मार्चअखेर प्रत्यक्षात ५७ लाख बाहेर असतील. बँकेची मर्यादा त्या आकड्याची मागावी लागेल.

मीनल_राजारामपुरी

मग साठा न करता महिन्याच्या महिन्याला घेतला तर? पैसा मोकळा राहील. त्याची तुलना कशी करायची?

जुना_बँकवाला

हो, आणि ती एकाच चार्टात करू नये, कारण भांडवल आणि गुळाचा भाव मग एकमेकांना बांधलेले आहेत. एक कमी केलं की दुसरं वाढतं. महिन्याच्या खरेदीत भांडवल ३५ चं २० लाख होईल. त्यानं ७.२ लाख वाचतात, वर्षाला २ लाख १० हजारांच्या बरोबरीचे. ते त्या सात महिन्यांच्या साडेसत्त्याऐंशी टनांवर वाटले तर किलोला २ रुपये ४० पैसे. पावसाळ्यातला गूळ हंगामापेक्षा यापेक्षा जास्त महाग असेल तर स्वतः भरून ठेवणं परवडतं. कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि रंग उतरण्याची घट अजून धरलेली नाही, ती त्या अडीच रुपयांत मिळवायची. प्रत्यक्ष फरक किती असतो हे यार्डातलेच सांगू शकतील.

मार्केटयार्ड_सौदे

सालागणिक बदलतोय. कुठल्या साली पावसाळ्यात चांगला चढतोय, कुठल्या साली कोल्ड स्टोरेज भरलेली असली की बसतोय. एक आकडा मी सांगणार न्हाई, उगं त्यावर तुम्ही गणित बांधाल. यार्डात या, मागच्या सालांच्या पावत्या दाखवतो, त्यातनं तुमची खालची-वरची कड काढा.

मीनल_राजारामपुरी

अजून एक शंका. गुळाची पट्टी उणे ११.६ पासून २९.६ पर्यंत आहे, पण ती विक्रीभाव ८० वर खिळवून काढलीय. गूळ सगळ्यांनाच महाग झाला तर पावडरीचा भावही वाढेल ना? समजा वाढीतला ६० टक्के भाग पुढं ढकलता आला. गूळ ५ रुपयांनी चढला तर विक्रीभाव ३ नी चढेल, आपल्याला फटका फक्त २ चा. तसं धरून पट्टी काढली तर ती ३.९ ते २०.३ एवढीच उरते. म्हणजे ४१ लाखांची पट्टी साडेसोळावर आली. मग गूळ दुसऱ्या क्रमांकावर, पण विक्रीभावाच्या जवळजवळ बरोबरीला.

मार्केटयार्ड_सौदे

६० टक्के कुठनं? ताईंनी वर्षाचा दर बांधून दिलाय वितरकाला. गूळ चढला तर तो म्हणंल करार बघा. आणि उतरला तर पहिला फोन त्याचा, "बाजार खाली आलाय, दर कमी करा." चढताना काय मिळत न्हाई, उतरताना मात्र द्यावं लागतंय.

सुहास_इचलकरंजी

हे मात्र खरं. आमच्या यार्नच्या धंद्यात अगदी असंच होतं. सूत महागलं की कापडवाला महिनाभर ऐकतच नाही.

जुना_बँकवाला

मीनलची पद्धत बरोबर आहे. दोन आकडे एकत्र हलत असतील तर त्यांची एकच जोडपट्टी काढावी, नाहीतर दोन्ही पट्ट्या फुगलेल्या दिसतात. पण ६० टक्के हा आता स्वतःच एक न तपासलेला आकडा झाला. मार्केटयार्डवाले म्हणतात तसं चढताना शून्य आणि उतरताना ६० धरलं, तर वाईट टोक उणे ११.६ वरच राहतं आणि चांगलं टोक २९.६ वरून २०.३ वर येतं. फायदा कापला जातो, तोटा तसाच. ते खरं असेल तर करारात दर तीन महिन्यांनी यार्डातल्या सरासरीनुसार दर बदलण्याचं कलम मागणं, हे विक्रीभाव एक रुपयानं वाढवून घेण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. वितरक देईल का, मला सांगता येत नाही.

फौंड्रीवाला_शिरोली

आमच्याकडं कास्टिंगला असं कलम असतं. कच्च्या लोखंडाचा आणि भंगाराचा भाव बदलला की दर तिमाहीला दर बदलतो, एक तिमाही मागं चालतो. सुरुवातीला गिऱ्हाईक नाही म्हणतं, पण दोन्ही बाजूंनी बदलणार म्हटलं की ऐकतं. किराणा मालात चालेल का, कल्पना नाही.

रंकाळाकाठ

सगळं वाचलं. अनघाताई, चार्ट काढायचा कसा तेही कोणी सांगा की. मी नुसता बार चार्ट टाकला तर सगळ्या पट्ट्या शून्यापासून सुरू होतात, टोर्नॅडोसारखं काही दिसतच नाही.

मीनल_राजारामपुरी

तीन स्तंभ करा: नाव, खालच्या कडेचा एनपीव्ही, वरच्या कडेचा. चौथ्यात दोघांमधला फरक `ABS` नं काढून त्यावर मोठ्यापासून छोट्याकडे सॉर्ट करा. मग फक्त पहिल्या तीन स्तंभांचा आडवा बार चार्ट. पट्टीवर क्लिक करून `Series Overlap` १०० टक्के. खालच्या आडव्या अक्षाच्या `Format Axis` मध्ये `Vertical axis crosses` खाली `Axis value` निवडून 14.15 टाका, पट्ट्या तिथून दोन्हीकडे फुटतील. नावं पट्ट्यांवर चढली तर उभ्या अक्षाचं `Label Position` हे `Low` करा. मोठी पट्टी खाली आली तर तिथंच `Categories in reverse order`. एकच काळजी घ्या: मूळ आकडे बदलले की ती 14.15 ची रेषा आपोआप सरकत नाही. ती हातानं बदलावी लागते, नाहीतर पट्ट्या जुन्या रेषेवर उभ्या राहतात.

अनघा_करवीर

भांडवल ३५ धरून नवा चार्ट काढला, मधली रेषा २.१ वर. घरात सगळ्यांसमोर ठेवला. सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं की १४७ टन म्हणजे महिन्याला किती पाऊच. साडेचोवीस हजार. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दिरांचं म्हणणं, मशीनवाल्याला पाडव्याआधी ॲडव्हान्स दिला नाही तर हा हंगाम जातो. माझं म्हणणं, टनेजची पट्टी एवढी लांब असताना ६० लाख आधी घालायचे नाहीत. जिल्ह्यात एक जण जॉबवर्कनं पावडर करून देतो, किलोला १२ रुपये घेतो. आमच्या २२ मधून १२ गेले तरी १० उरतात. एक हंगाम त्याच्याकडून २०-२५ टन करून घ्यावेत, आमच्याच पाऊचमध्ये, त्याच वितरकाकडून विकावेत. खरेदी किती वेळा पुन्हा होते ते तरी कळेल.

एकच अडतंय. २०-२५ टनांच्या विक्रीवरून १५० टनांची कड कशी ठरवायची?

जुना_बँकवाला

एकूण टनांवरून ठरवू नका, दुकानावरून ठरवा. पहिली ऑर्डर प्रत्येक दुकानदार घेतोच, ती मोजायची नाही. दुसरी आणि तिसरी ऑर्डर किती दुकानांनी आणि किती दिवसांनी दिली, ते दुकानवार लिहून ठेवा. वितरकाकडून हे आधीच लेखी ठरवून घ्या, कारण तो सहसा नुसतं त्याच्या गोदामातून किती गेलं तेवढंच सांगतो. समजा पन्नास दुकानांतून चाळीस परत आली आणि दर दुकान महिन्याला १० किलो नेतंय, तर साडेबारा टनांसाठी साडेबाराशे चालू दुकानं लागतात. वितरकाकडं तेवढी दुकानं आहेत का, हा प्रश्न मग त्याला विचारता येईल. खालची कड त्यातून निघेल, आणि ती सांगलीच्या एका माणसाचा अंदाज राहणार नाही.

एका हंगामानं मागं पडण्याची किंमतही मांडा म्हणजे दिरांच्या मुद्द्याला न्याय मिळेल. सगळा प्रकल्प एक वर्ष पुढं गेला तर २.१४ चा १.८८ होतो. पंचवीस हजारांच्या आसपासचा फरक. मात्र तेवढ्या वेळात दुसरं कोणी त्याच वितरकाकडं जागा पकडली तर काय, ते या आकड्यात नाही आणि ते मला मोजताही येत नाही.

मार्केटयार्ड_सौदे

दिरांना घेऊन या यार्डात, सौदे सुरू व्हायच्या आधी. पावत्या काढून ठेवतो. आणि त्या जॉबवर्कवाल्याला इचारा, गूळ तुमचा घालणार का त्याचा. रंग बघून घ्या, पावडरीत पहिलं गिऱ्हाईक रंगच बघतंय.

अनघा_करवीर

येतो दोघंही. गूळ आमचाच घालायचा, हे त्याच्याशी बोलले आहे. तिमाही कलमाचं वितरकाला विचारलंय, अजून उत्तर नाही.